पक्षानं तिकीट देऊ केलंय आणि लढायचं नाही? नकार असा कळवा

जिल्हा परिषदेच्या आरक्षणाची सोडत निघाली की तहसीलसमोरच्या टपरीवर संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही. कुठला गट कुणाला सुटला, कुणाचा पत्ता कटला, आता कुणाच्या घरातली बाई उभी करणार, एवढाच विषय. माझं ई-सेवा केंद्र त्या टपरीला लागूनच आहे. एरवी सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा. निवडणूक लागली की उमेदवारी अर्ज आणि शपथपत्रं. तिकिटासाठी जीव टाकणारी माणसं तर मी ढिगानं बघतो. पण दर निवडणुकीला दोन-चार माणसं अशीही येतात, जी समोरच्या खुर्चीत अवघडून बसतात, सोबतचे कार्यकर्तेच सगळी उत्तरं देतात, आणि सहीची वेळ आली की त्यांचा हात थबकतो. त्यांना उभं राहायचंच नसतं. नाही म्हणायचं राहून गेलेलं असतं.

हा लेख त्यांच्यासाठी. म्हणजे गावात चार माणसं ज्यांना ओळखतात अशा डॉक्टरांसाठी, निवृत्त गुरुजींसाठी, कृषी सेवा केंद्रवाल्यासाठी, बचत गट चालवणाऱ्या ताईंसाठी. ज्यांनी कधी राजकारण केलं नाही आणि एक दिवस दारात दोन गाड्या येऊन थांबल्या, त्यांच्यासाठी.

आधी नेमकं काय विचारलंय ते समजून घ्या

आपल्याकडं "उभं राहा" या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी बसतात. पहिली म्हणजे चाचपणी. सोडतीनंतर पक्षाचे लोक त्या प्रवर्गात बसणारी दहा-पंधरा नावं काढतात आणि सगळ्यांच्या घरी चहा पिऊन येतात. दुसरी म्हणजे इच्छुकांच्या मुलाखती. तिथं जिल्ह्याचे पदाधिकारी आणि निरीक्षक बसतात, तुमच्या नावाची फाइल तयार होते. तिसरी म्हणजे एबी फॉर्म. तो अर्ज भरण्याच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत, कधी शेवटच्या तासात हातात येतो. ए म्हणजे पक्षाच्या वतीनं उमेदवार ठरवायचा अधिकार कुणाला आहे ते सांगणारा कागद, आणि बी म्हणजे त्या अधिकारात तुमचं नाव अधिकृत उमेदवार म्हणून लिहिलेला कागद. चाचपणीच्या वेळचा नकार कुणालाच लागत नाही. एबी फॉर्म खिशात आल्यावरचा नकार पक्षाला त्या जागेवर उघडं पाडतो, आणि तो फॉर्म देणारा माणूस तुम्हाला वीस वर्षं विसरत नाही.

जागा कुठली हेही विचारा. जिल्हा परिषदेच्या एका गटात पंचायत समितीचे दोन गण असतात. त्यामुळं गटाला नाही म्हटलं की "मग गणाला तरी राहा" हे वाक्य येणारच, ते धरूनच चला. ग्रामपंचायतीची गोष्ट वेगळी. तिथं पक्षाच्या चिन्हावर निवडणूकच होत नाही, पॅनल असतं. तेव्हा ग्रामपंचायतीसाठी कुणी "पक्षाकडून" आलं तर नकार पक्षाला नव्हे, त्या पॅनलच्या म्होरक्याला द्यायचा आहे, आणि तो बहुतेक वेळा तुमच्या भावकीतलाच असतो. ते नातं या लेखात बसणार नाही.

कायद्यानंच अडत असेल तर ते आधी सांगा

काही जणांना नकाराची गरजच नसते. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यांमुळं संख्या दोनच्या वर गेली असेल, सरकारी नोकरी असेल, जिल्हा परिषदेच्याच कामाचं कंत्राट तुमच्या नावावर चालू असेल, तर उमेदवारी टिकत नाही. असं खरोखर असेल तर पहिल्याच भेटीत सांगून मोकळं व्हा. त्यात कुणाचा अपमान नाही, आणि पक्षाचा वेळ वाचतो.

पण हे खोटं वापरू नका. ज्यांनी "माझी जात वैधता झालेली नाही" असं सांगून सुटायचं बघितलं, अशी तीन माणसं मला माहीत आहेत. तिघांनाही "अर्ज टाकल्याची पावती चालती, पुढचं आम्ही बघतो" असं उत्तर मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी कार्यकर्ता फोटो मागायला आला. पडताळणी समितीकडं अर्ज केल्याच्या पावतीवर आणि हमीपत्रावर उमेदवारी भरता येते, हे कार्यकर्त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. "माझं मतदान या गटात नाही" हेही जिल्हा परिषदेला चालत नाही. जिल्ह्यातल्या यादीत नाव असलं की पुरतं.

"बघू" हा शब्द तोंडातून काढू नका

सगळा घोटाळा इथं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

आपल्या बोलण्यात "बघू" म्हणजे नाही. पोरानं गाडी मागितली, बाप म्हणाला "बघू", पोराला कळतं की गाडी येत नाही. पाहुण्यानं मुक्कामाचा आग्रह केला, आपण म्हणतो "बघू", त्यालाही कळतं. पण तिकिटाच्या बैठकीत हाच शब्द उलटा ऐकला जातो. तिथं समोर बसलेल्या माणसाला जिल्ह्यावरून नाव मागितलेलं असतं. त्याला हो ऐकायचं असतं. तुमचं "बघू" गाडीत बसेपर्यंत "तयार आहेत" होतं आणि तालुक्याला पोचेपर्यंत "फायनल" होतं. "घरी विचारून सांगतो" म्हणालात तर ते तुमच्या आधी तुमच्या घरी विचारून येतात. "तुम्ही मोठी माणसं, तुम्ही म्हणाल तसं" हे तर आपण नम्रतेनं बोलतो आणि ते शब्दशः धरलं जातं.

याचं एक उदाहरण आमच्याच घरात घडलं. आमचं गाव औसा तालुक्यात. गट नागरिकांचा मागास प्रवर्ग महिला असा सुटला. आमच्या वहिनी डी.एड. झालेल्या, गावात पिठाची गिरणी आणि एक बचत गट चालवतात. बाईचा जातीचा दाखला माहेरच्या नावानं, वडिलांकडच्या कागदांवर निघतो, आणि ऐन निवडणुकीत माहेरचे जुने कागद जमवताना भल्याभल्यांची दमछाक होते. वहिनींची वैधता शिकतानाच काढून झालेली होती. म्हणजे पक्षाच्या नजरेत तयार उमेदवार. सोडतीनंतर चौथ्या दिवशी एका पक्षाचे तालुकाध्यक्ष, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, पाच-सहा जणांना घेऊन घरी आले. वहिनी आत चहा करत होत्या. अण्णा दादाशी बोलले. दादा म्हणाला, "बघू की." आणि जाताना कुणी मागितलं म्हणून वैधतेची झेरॉक्सही दिली.

दादाच्या मते त्यानं नकार दिला होता. सहा दिवसांनी तालुक्यातल्या एका यूट्यूब बातमीवाल्यानं वहिनींचं नाव संभाव्य उमेदवारांत घेतलं. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बाया त्यांना पुढारीण म्हणायला लागल्या. वहिनी रात्री मला फोनवर म्हणाल्या, "भावजी, मला अजून कुणी काही विचारलंच नाही, आणि मी उभी पण राहिले?"

तर सांगायचं असं, की लगेच ठरत नसेल तरी "बघू" नको. तारीख सांगा. "मला गुरुवारपर्यंत वेळ द्या, गुरुवारी मी स्वतः फोन करते, तोवर माझं नाव कुणाला सांगू नका." यात उद्धटपणा नाही, आणि तोवर नाव फिरवायला आधार राहत नाही. मग गुरुवारी खरंच फोन करा. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त मुदत घेऊ नका, कारण तेवढा काळ पक्ष दुसरं नाव शोधायचं थांबवून बसतो. आभार मानायची खरी जागा हीच आहे: त्यांच्या हातात दिवस शिल्लक असताना सांगणं.

ज्याचं नाव आहे, त्यानंच सांगायचं

जागा निम्म्या महिलांसाठी राखीव आहेत, पण निमंत्रण अजूनही बैठकीच्या खोलीत पुरुषांना दिलं जातं. मग नकारही नवरा, सासरा किंवा दीर देतो. हा नकार टिकत नाही. पक्षाच्या लोकांना वाटतं, बाई तयार आहे, नवराच अडवतोय. मग महिला आघाडीच्या ताई वेगळ्या येतात, माहेरच्या भावाला फोन जातो, एखादा मामा मध्यस्थीला येतो. बाईनं स्वतः एकदा स्पष्ट सांगितलं की या सगळ्या दारांची कडी लागते.

याच्या उलटही असतं, तेही लिहून ठेवतो. घरातले नको म्हणतायत आणि बाईला लढायचंय, असं असेल तर हा लेख तिच्या हातात देऊन तिचा नकार लिहून घेऊ नका.

कुणाला, कुठं, कसं

ज्यानं विचारलं त्यालाच सांगायचं. तालुकाध्यक्षानं विचारलं असेल तर त्याला डावलून थेट आमदाराला किंवा जिल्हाध्यक्षाला सांगितलं, तर तालुकाध्यक्षाची वर शोभा होते. आपल्या हद्दीतलं माणूस आपल्याला सांगत नाही, असा त्याचा अर्थ होतो. पण एक अपवाद ठेवा. मुलाखतीसाठी जिल्ह्यावरून बोलावणं आलं असेल तर तालुक्याला सांगून मग जिल्ह्यालाही एक फोन करा, नाहीतर फाइल वरच राहते. मुलाखतीला "मान ठेवायला" म्हणून जाऊन बसू नका. तिथं जाणारा इच्छुकच समजला जातो.

भेट समोरासमोर, दोघं-तिघंच असताना. शक्यतो त्यांच्या घरी किंवा कार्यालयात तुम्ही जा. आपण उठून गेलो यातच निम्मा मान दिला जातो. त्यांना आपल्या घरी बोलावलं तर ते शाल-नारळ आणि फोटोवाला घेऊन येतात, कारण त्यांना वाटतं होकारासाठीच बोलावलंय. शाल खांद्यावर पडल्यावर आणि फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर गेल्यावर नकार द्यायचा म्हणजे फारच अवघड. लग्नात, सप्त्याच्या पंगतीत, पारावर हा विषय कुणी काढलाच तर "इथं नको, उद्या सकाळी येते" एवढंच. चारचौघांत नकार मिळाला की समोरच्याला आग्रह करावाच लागतो, त्याच्या लोकांसमोर त्याची अडचण असते.

शब्द

क्रम असा: आधी आभार, मग नकार, मग पुन्हा काही नाही. आभारात एक तरी खरी, त्याच माणसाला लागू पडणारी गोष्ट असू द्या. "आपण माझ्यावर विश्वास दाखवलात" हे सगळेच म्हणतात. "दुष्काळात आमच्या गावाला टँकर मिळत नव्हता, तेव्हा तुम्हीच धावून आला होता, ते मी विसरले नाही" हे तिथंच लागू पडतं. अशी गोष्ट आठवत नसेल तर बनवू नका. घरापर्यंत आलात, एवढंही पुरतं.

नकारात कारणं कमी. प्रत्येक कारणाला त्यांच्याकडं उत्तर तयार असतं. पैसा नाही म्हटलं तर पक्ष बघतो. वेळ नाही म्हटलं तर पोरं फिरतील, तुम्ही फक्त हात जोडा. तब्येत म्हटलं तर गाडी देतो. कारण जितकं मोठं तितका सौदा लांबतो. "मी ठरवलंय" याला मात्र उत्तर नसतं.

वहिनी गुरुवारी सकाळी गिरणी बंद ठेवून अण्णांच्या घरी गेल्या. मी गाडी चालवायला होतो, म्हणून ऐकलं ते जवळपास तसंच लिहितो.

"अण्णा, तुम्ही आमच्या दारी आलात, एवढ्या बायांत माझं नाव काढलं, मला लई बरं वाटलं. पण मी उभी राहणार नाही. हे माझं पक्कं झालंय."

"ताई, खर्चाचं मनावर घेऊ नका. पक्ष बघंल."

"खर्चाचं नाही अण्णा."

"मग आमचे दाजी नको म्हणतेत का? मी बोलतो त्यांना."

"त्यांना बोलून काय उपयोग? नाही मी म्हणतेय. मला हे काम करायचं नाही."

अण्णा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, गट राहू द्या. गणाला तरी?"

"गणालाही नाही. आणि अण्णा, अजून अर्ज सुरू व्हायला वेळ आहे म्हणून आजच आले. उगं तुमचा दिवस जायला नको."

शेवटच्या वाक्यावर अण्णांचा चेहरा सैल झाला, हे मी बघितलं. ते म्हणाले, "एवढं तरी कोण सांगतंय? बाकीचे फोन बंद करून बसतेत." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या बघण्यात दुसरं कोण हाय?" वहिनी म्हणाल्या, "मी कुणाला विचारलेलं नाही, मग नाव कसं सांगू?" हे उत्तर मला फार आवडलं. आपण सुटावं म्हणून शेजारणीचं नाव पुढं करणारे पुष्कळ असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीच्या दारात गाड्या थांबतात.

दोन वाक्यं टाळायची. एक, "पुढच्या वेळी नक्की." आरक्षण फिरतं, पुढच्या वेळी गट कुणाला सुटेल ते कुणालाच माहीत नसतं, पण तुमचा शब्द मात्र लक्षात राहतो. दुसरं, "मी मागं राहून तुमचंच काम करीन." करणार असाल तर जरूर म्हणा. नसाल, तर प्रचाराच्या पहिल्याच दिवशी फेरीत तुमची वाट बघितली जाईल, आणि आधीच्या नकारापेक्षा ती गैरहजेरी जास्त बोचेल. अमुक पक्ष चांगला, तमुक वाईट, असं तर या भेटीत काहीच बोलू नका. नकार उमेदवारीला आहे, मताचं कुणी विचारलेलं नाही.

त्याच दिवशी लिहून पाठवा

तोंडी नकार खोलीतच राहतो. संध्याकाळच्या आत व्हॉट्सअॅपवर किंवा कागदावर चार ओळी द्या. हे पत्र भांडणासाठी नाही. तालुकाध्यक्षालाही वर दाखवायला काहीतरी लागतं, नाहीतर जिल्ह्यावरून त्यालाच विचारतात की तूच नीट बोलला नसशील. वहिनींचा मसुदा मी लिहून दिला होता. नावं काढून तसाच देतो.

"मा. तालुकाध्यक्ष यांस सप्रेम नमस्कार. आपण आपल्या सहकाऱ्यांसह आमच्या घरी येऊन, आमच्या गटातून जिल्हा परिषदेची निवडणूक मी लढवावी, असा प्रस्ताव दिलात. गावात गिरणी चालवणाऱ्या, राजकारणाचा अनुभव नसलेल्या बाईचा आपण विचार केलात, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आज सकाळी भेटून सांगितल्याप्रमाणे, मी ही निवडणूक लढवणार नाही. गट, गण किंवा पर्यायी उमेदवार म्हणूनही माझ्या नावाचा विचार होऊ नये, ही विनंती. जात वैधता प्रमाणपत्राची झेरॉक्स आपल्याकडे आहे, ती कुणाच्या तरी हाती परत पाठवावी. आपला आणि वहिनीसाहेबांचा स्नेह आहे तसाच राहावा. आपली नम्र."

पत्र एकट्या अण्णांना गेलं, ग्रुपवर नाही. ग्रुपवर टाकलेला नकार दुसऱ्या पक्षाच्या हातात आयता जातो, आणि मग "उमेदवार मिळेना" अशी बातमी होते. बातमीवाल्याचा फोन आला तर "मी निवडणूक लढवत नाही" एवढंच सांगायचं. कुणी विचारलं होतं, कधी विचारलं होतं, हे सांगायचं नाही. ती त्यांची घरातली गोष्ट आहे.

नकार पोचला की नाही, हे कसं ओळखायचं

नकारानंतर आठवडाभर कान उघडे ठेवा. कुणी पासपोर्ट फोटो मागितला, "सूचक कुणाला करायचं" असं विचारलं, बँकेत निवडणुकीसाठी वेगळं खातं उघडायला बोलावलं, किंवा दिवाळीच्या शुभेच्छांच्या बॅनरवर नेत्यांच्या रांगेत तुमचा फोटो लागला, तर तुमचं नाव अजून यादीत आहे असं समजा. चिडून बॅनर फाडायला जाऊ नका. ज्याला पत्र दिलं त्यालाच फोन करा: "माझं पत्र वर पोचलं नसेल, परत पाठवू का?" बहुतेक वेळा खाली निरोप गेलेला नसतो, बाकी काही नाही. कागद मात्र परत घ्याच, आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या अर्जावर सही कुणालाही देऊ नका, सख्ख्या मेव्हण्यालाही.

सगळ्यात गोड सापळा म्हणजे डमी अर्ज. "तुम्हाला लढायचं नाही ना, हरकत नाही, नुसता डमी भरून ठेवा, माघारीच्या दिवशी काढून घेऊ." मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला आणि बी फॉर्मवर पर्यायी म्हणून तुमचं नाव असलं, की डमीचा खरा उमेदवार होतो. मग माघार घेतली तर पक्षाची जागाच रिकामी, आणि नाही घेतली तर तुम्ही रिंगणात. शिवाय नावापुरतं लढलं तरी खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. तो राहिला तर पुढं अपात्र ठरवलं जाण्याची टांगती तलवार. माझ्या दुकानात असा हिशेब द्यायचं विसरलेले पडेल उमेदवार नोटीस घेऊन येतात, तेव्हा पक्षाचा कुणीही सोबत नसतो.

अर्ज भरूनच बसला असाल तर

तरीही वाट आहे, पण ती घड्याळावर चालते. छाननीनंतर माघारीची मुदत असते, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेपर्यंत. निवडणूक कार्यक्रमाच्या पत्रकात ती वेळ छापलेली असते, ती स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. माघार लेखी असते, तुमच्या सहीची. शक्यतो स्वतः जाऊन निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात द्या आणि पोच घ्या. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही, आणि वेळ टळली तर तुमचं नाव मतदान यंत्रावर येतंच, तुम्ही प्रचार करा किंवा न करा.

जायच्या आधी पक्षाला सांगा, ही सगळ्यात कडू पायरी आहे. अर्ज भरून मग काढणाऱ्याचा राग येणं साहजिक आहे, तेव्हा ऐकून घ्या. आभार मानायची ही वेळ नव्हे, माफी मागायची आहे: "मी आधीच सांगायला पाहिजे होतं, माझं चुकलं." यावर कुणी पैसे देऊन माघार घ्यायला सांगत असेल, किंवा पैसे देऊन रोखत असेल, तर दोन्ही हात मागं. उभं राहणं, न राहणं आणि माघार घेणं, तिन्ही मतदानासारखेच निवडणुकीचे हक्क धरलेत. त्यासाठी पैसे देणं-घेणं ही कायद्यानं लाचच. धमकी आली तर तीही गुन्ह्यातच मोडते, ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी कळवा.

वहिनींवर ती वेळ आली नाही. चौथ्या दिवशी अण्णांचा मुलगा झेरॉक्स परत द्यायला आला, सोबत पाच पायली ज्वारी दळायला घेऊन. माघारीची वेळ संपल्यावर तहसीलच्या फळ्यावर उमेदवारांची यादी लागली, ती मी वरून खालपर्यंत दोनदा वाचली आणि फोटो काढून वहिनींना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "भावजी, येताना गिरणीचा पट्टा आणा, तुटलाय."